तडा कशामुळे गेला : तळमजल्याच्या स्लॅबचा कारणशोध अहवाल

तळमजल्याच्या स्लॅबला तडा गेल्यावर तयार होणाऱ्या अहवालाने तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. तडा मुळात कशामुळे गेला, तो याच जागी, याच वेळी आणि एवढा रुंद का झाला, आणि आता नेमके काय करायचे, असे ते तीन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर म्हणजे मूळ कारण, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे साहाय्यक घटक आणि तिसऱ्याचे उत्तर म्हणजे उपाय. प्रत्यक्षात आढळणाऱ्या बहुतेक अहवालांत मात्र ही तिन्ही उत्तरे एका परिच्छेदात मिसळलेली असतात. ‘निकृष्ट काम, पाण्याची गळती आणि जमिनीची हालचाल यांमुळे तडे गेले असून ते भरून घ्यावेत’ अशा वाक्याने सर्व काही सांगितल्यासारखे वाटते, पण त्यातून घरमालकाला पैसे कशावर खर्च करायचे हे कळत नाही आणि ठेकेदाराला पुढच्या घरी काय बदलायचे हेही कळत नाही.

हा फरक स्पष्ट होण्यासाठी नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवनसारखी वस्ती सोयीची आहे. नागपूर शहर दोन भिन्न भूस्तरांच्या सीमेवर वसलेले असून पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असा पट्टिताश्म व इतर रूपांतरित खडक आढळतात. पाया खोदताना मात्र या खडकाच्या आधी बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीचा थर लागतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आणि जूनच्या मध्यापासून मोसमी पाऊस घेणाऱ्या या शहरात तिला कोरडे व ओले होण्याचे चक्र दरवर्षी पूर्ण करता येते. पुढे ज्या घराचा विचार केला आहे, ते अशा वस्त्यांमधील नेहमीच्या बांधणीवरून रचलेले उदाहरण असून त्यातील मापे तर्काची रीत दाखवण्यासाठी घेतलेली आहेत.

हे घर दोन मजली आणि आर.सी.सी. चौकटीचे आहे, म्हणजे त्याचा भार भिंतींवर नसून कॉलम आणि बीम यांच्यावर आहे. कॉलमचे पाये काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमावर टेकवलेले आहेत. जमिनीलगत सर्व कॉलमना जोडणारे जोत्याचे बीम असून बाहेरच्या भिंती त्यांच्यावर उभ्या आहेत. या बीमांमधली पोकळी भरावाने भरून त्यावर १०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट आणि त्यावर टाइल्स घातल्या आहेत. इथे तळमजल्याची स्लॅब म्हटले आहे ती हीच. वरच्या मजल्याची स्लॅब बीमांवर तोललेली असते आणि तिच्यातील सळ्या ताण सोसतात, तर ही स्लॅब पूर्णपणे खालच्या भरावावर टेकलेली असते आणि भराव हलला की तिला हलावेच लागते. एकाच घराचे हे दोन भाग वेगवेगळ्या आधारांवर उभे आहेत, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाची ठरते.

तक्रार अशी आहे की, ४ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब हॉलच्या मधोमध, लांबीच्या दिशेने तडा गेला आहे, त्यावरच्या टाइल्स उचकटल्या आहेत, हॉल आणि न्हाणीघर यांच्यामधली अर्ध्या विटेची भिंत तिरपी फाटली आहे आणि न्हाणीघराचा दरवाजा पावसाळ्यात घट्ट बसतो. घर बांधून दोन वर्षे झाली असून पहिली बारीक रेघ पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी दिसली होती.

अहवालाची सुरुवात कारणांच्या यादीने न करता निरीक्षणांनी करावी लागते आणि त्यात जे फुटले आहे त्याइतकेच जे फुटलेले नाही तेही नोंदवावे लागते. या घरात कॉलम, जोत्याचे बीम, बाहेरच्या भिंती आणि वरची स्लॅब यांपैकी कशालाही तडा नाही. फुटले आहे ते सारे भरावावर टेकलेले आहे, कारण न्हाणीघराची अर्ध्या विटेची भिंतसुद्धा बीमावर नव्हे, तर थेट स्लॅबवरच उभारलेली आहे. या एका नोंदीमुळे पाया खचल्याची शंका जवळजवळ मिटते. पाया हलला असता तर चौकटीत आणि बाहेरच्या भिंतींत त्याच्या खुणा आधी उमटल्या असत्या.

त्यानंतर तड्याचे माप घ्यायचे. पारदर्शक पट्टीवर निरनिराळ्या जाडीच्या रेघा छापलेली तडामापी पट्टी तड्यावर ठेवून रुंदी वाचली जाते. इथे ती मध्यभागी ३ मिलिमीटर आणि टोकांकडे केसाएवढी भरते. तड्याची एक कड दुसरीपेक्षा सुमारे २ मिलिमीटर वर आहे. ही उंचसखलता बोटाने चाचपूनही कळते, पण अहवालात ती क्वचितच लिहिली जाते. तडा अजून हलतो आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खुंट्या बसवून त्यांच्यातील अंतर दर महिन्याला मोजावे. पूर्वी काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धत होती, मात्र काच फुटली एवढेच तिच्यातून कळते, किती आणि कोणत्या दिशेने हालचाल झाली ते कळत नाही.

सगळ्यात बोलका पुरावा स्लॅबच्या पातळीचा असतो आणि तो घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. कॉलमवर एक खूण करून गवंड्यांच्या नेहमीच्या पाण्याच्या नळीने हॉलमधील दर मीटरवरच्या बिंदूची उंची त्या खुणेशी ताडून लिहिली की जमिनीचा आकार कागदावर उतरतो. मूळ फरशी समपातळीत होती असे धरले, तर या घरात एक कोपरा वगळता बाहेरच्या भिंतींलगतचे बिंदू ० ते ३ मिलिमीटरच्या आत आहेत, हॉलच्या मध्यावर फरशी २४ मिलिमीटर वर आहे आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून मीटरभर अंतरावर ती २८ मिलिमीटर वर आहे. फरशी कडांना स्थिर राहून मध्यावर घुमटासारखी फुगली आहे.

या आकड्यांवर संभाव्य कारणे एकेक करून तपासता येतात. पहिली शक्यता उन्हाची आहे. नागपूरच्या उन्हात ओल्या काँक्रीटमधले पाणी झपाट्याने उडून जाते आणि काँक्रीट घट्ट होण्याआधीच पृष्ठभागावर आखूड, एकमेकींना साधारण समांतर अशा भेगा पडतात. मात्र या भेगा काँक्रीट घातल्यापासून काही तासांत पडतात, सहसा कडेपर्यंत पोहोचत नाहीत आणि पातळी बदलत नाहीत. तक्रारीतला तडा महिन्यांनी दिसला आणि पातळी बदललेली आहे, म्हणून हे कारण बाद होते.

दुसरी शक्यता वाळण्यामुळे होणाऱ्या आकुंचनाची आहे. काँक्रीट वाळताना आखडते आणि त्याला मोकळेपणाने आखडता आले नाही तर ते फाटते. हे आकुंचन किती असू शकते याचा अंदाज बांधता येतो, कारण आयएस ४५६ या भारतीय मानकाने आरेखनासाठी एकूण आकुंचनाचे प्रमाण ०.०००३ धरलेले आहे. हॉलची रुंदी ४००० मिलिमीटर असल्यामुळे सगळे आकुंचन एकाच तड्यात गोळा झाले असे मानले तरी तो तडा १.२ मिलिमीटरचा भरतो. प्रत्यक्षात तडा ३ मिलिमीटरचा आहे. शिवाय आकुंचन स्लॅबला तिच्याच प्रतलात ओढते, त्यामुळे ते तड्याची एक बाजू वर उचलू शकत नाही; आणि वरून वाळणारी स्लॅब वाकली तर तिच्या कडा वर येतात, मध्य नव्हे. आकुंचनाचा काही हातभार असणे शक्य आहे, पण हा आकार त्याने घडवलेला नाही.

तिसरी शक्यता भराव खचण्याची आहे आणि नवीन घरांत तीच सर्वाधिक आढळते. भराव नीट धुमसलेला नसला, म्हणजे धुम्मसाने ठोकून घट्ट केलेला नसला, तर तो पाणी लागताच दबतो, स्लॅबचा आधार जातो, टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते आणि भिंतीला चिकटलेल्या स्कर्टिंगच्या खाली फट पडते, कारण स्कर्टिंग भिंतीबरोबर जागेवर राहते आणि फरशी खाली जाते. इथे त्या वगळलेल्या कोपऱ्यात तशी ४ मिलिमीटरची फट आहे. या फटीवर बोट ठेवून अख्ख्या प्रकरणाला ‘भराव खचला’ असे नाव देण्याचा मोह होतो, मात्र मध्यावर २४ मिलिमीटर वर आलेली फरशी खचण्याने समजावता येत नाही. जुळत नसलेली ही नोंद गाळून टाकायची नसते. तिचे स्वतंत्र स्पष्टीकरण शोधायचे असते आणि ते सापडेपर्यंत ती अहवालात उघडी ठेवायची असते.

उरते ती चौथी शक्यता, खालची माती फुगण्याची, आणि ती केवळ इतर बाद झाल्या म्हणून मान्य करून चालत नाही. त्यासाठी स्लॅब कापून पाहावे लागते. हॉलच्या मध्यावर हात जाईल एवढा चौकोन कापल्यावर तड्याचा छेद दिसतो. तो वर ३ मिलिमीटर आणि तळाशी केसाएवढा आहे, म्हणजे स्लॅब खालून उचलली जाऊन वरच्या बाजूला ताणली गेली आहे. काँक्रीटखाली १५० मिलिमीटर मुरूम आहे आणि त्याच्याखाली ५०० मिलिमीटर काळी माती आहे. या मातीत विटांचे तुकडे आणि ढेकळे सापडतात, त्यावरून ती मूळची जमीन नसून पाया खणताना निघालेलीच माती जोत्यात परत टाकली आहे हे सिद्ध होते. स्कर्टिंगखाली फट पडलेल्या कोपऱ्यात खोदल्यावर तर अशीच मोठी ढेकळे आणि त्यांच्यातल्या पोकळ्या दिसतात. ढेकळे भिजून मऊ झाली, पोकळ्यांत बसली आणि तिथे फरशी खाली गेली. बाजूला ठेवलेली विसंगत नोंद आता त्याच भरावाशी जोडली जाते.

ही माती खरोखरच फुगणारी आहे का, हे पाहण्याची एक सोपी आणि मानकांत नोंदलेली चाचणी आहे. भट्टीत वाळवलेल्या आणि बारीक चाळलेल्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅम दोन मापन-नळ्यांत घेऊन एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतायचे आणि दिवसभर तसेच राहू द्यायचे. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे कण पत्रावळींच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी या थरांमध्ये शिरून त्यांना दूर सारते. रॉकेलला तसे शिरता येत नाही, त्यामुळे त्यातली माती जवळजवळ फुगत नाही. पाण्यातली माती १८ मिलिलिटर आणि रॉकेलमधली १० मिलिलिटर भरली, तर फरक ८ मिलिलिटर, म्हणजे मुक्त फुगवटा निर्देशांक ८० टक्के. हा आकडा मातीचा स्वभाव सांगतो, मात्र जोत्यातली माती ८० टक्के फुगेल असा त्याचा अर्थ नाही, कारण नळीत मातीवर भार नसतो आणि ती भुकटी असते. प्रत्यक्षात ५०० मिलिमीटरचा थर केवळ ५ टक्क्यांनी वाढला तरी फरशी २५ मिलिमीटर उचलली जाते, आणि मोजलेली पातळी साधारण तेवढीच आहे.

मग संपूर्ण घर का उचलले गेले नाही, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. स्लॅब, टाइल्स आणि मुरूम यांचे मिळून एका चौरस मीटरवर सहाशे किलोंच्या आसपास वजन पडते. घट्ट काळ्या मातीचा फुगवटा रोखायला मात्र चौरस मीटरला कित्येक टनांचा दाब लागू शकतो, आणि सैल भरावाचा जोर त्याहून कमी धरला तरी एवढी हलकी फरशी त्याला पुरी पडत नाही. कॉलम मात्र त्या मातीवर उभेच नाहीत. त्यांचे पाये खालच्या मुरमावर आहेत आणि त्यांच्यावर दोन मजल्यांचा भार आहे. घराचा अवजड भाग स्थिर राहिला आणि त्याच्या मध्ये अडकलेला हलका भाग वर सरकला, म्हणून फरशी कडांना धरून राहिली आणि मध्यावर फाटली.

आता मूळ कारण आणि साहाय्यक घटक वेगळे करण्याचा खरा प्रसंग येतो, कारण खोदकामात आणखी एक गोष्ट सापडली आहे. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या नळीचा जोड गळतो आहे आणि त्याच्या जवळच्या मातीत ३८ टक्के ओलावा आहे, तर हॉलच्या मध्यावर तो ३१ आणि बाहेरच्या भिंतीजवळ २४ टक्के आहे. फरशी सर्वांत उंच आली आहे तीही याच गळतीच्या बाजूला. गळती डोळ्यांना दिसते, तिचा दोष कुणावर तरी ठेवता येतो आणि तिची दुरुस्ती एका दिवसात होते. म्हणून बहुतेक ठिकाणी तपास इथेच थांबतो.

अशा वेळी प्रत्येक घटकाला एकच प्रश्न उलट बाजूंनी विचारावा लागतो : हा घटक नसता आणि बाकी सारे तसेच असते, तर काय झाले असते? जोत्यात काळ्या मातीऐवजी धुमसलेला मुरूम असता आणि गळती हीच असती, तर भिंतीला ओल आली असती, टाइलचे सांधे काळे पडले असते, कदाचित नळीजवळ फरशी किंचित दबली असती; हॉल मध्यावर २४ मिलिमीटर वर आला नसता. याउलट काळी माती तीच असती आणि गळती नसती, तर फरशी अधिक सावकाश आणि कमी उंच, तरी वर आलीच असती, कारण एकदा जमीन स्लॅबने झाकली की तिच्यातील पाण्याची वाफ होणे थांबते, पावसाळ्याचा ओलावा बाजूने आणि खालून आत येत राहतो आणि झाकलेल्या मातीचा मध्य दोन-तीन वर्षांत ओला होत जातो. म्हणून जोत्यात भरलेली फुगणारी माती हे मूळ कारण ठरते आणि गळती हा साहाय्यक घटक ठरतो. तिने तडा घडवला नाही, त्याला लवकर आणले आणि त्याचा सर्वांत उंच बिंदू ठरवला.

इतर साहाय्यक घटकही याच कसोटीला लावायचे. भराव उन्हाळ्यात घातला होता, त्या वेळी माती अगदी कोरडी होती आणि माती जितकी अधिक कोरडी तितका तिचा पुढचा फुगवटा मोठा. स्लॅबमध्ये सांधे सोडलेले नव्हते. ते असते तरी फरशी वर आलीच असती, मात्र तडा वेडावाकडा न जाता सांध्याच्या रेषेत गेला असता. छपराच्या पाण्याची नळी घराच्या भिंतीलगतच मोकळी सोडलेली होती आणि न्हाणीघराची भिंत बीमावर न घेता स्लॅबवर घेतलेली होती, त्यामुळे फरशीची हालचाल भिंतीत आणि दरवाजात उमटली. काँक्रीटच्या दर्जाविषयी मात्र अहवालाने सावध असावे. कापलेल्या तुकड्याची चाचणी कमी आली तरी त्यावरून ‘निकृष्ट काँक्रीटमुळे तडा’ असे लिहिता येत नाही, कारण उत्तम दर्जाचे, पण सळ्या नसलेले १०० मिलिमीटर काँक्रीटसुद्धा एवढ्या वाकण्याने फाटलेच असते.

मूळ कारण शोधताना आणखी एक पायरी खाली उतरणे आवश्यक आहे. काळी माती जोत्यात का गेली? ती खोदून तिथेच पडली होती, ती बाहेर नेऊन मुरूम आणायला वाहतुकीचे पैसे लागले असते, आणि मुख्य म्हणजे करारात केवळ ‘जोत्यात भराव घालणे’ एवढेच लिहिले होते, कोणता भराव हे लिहिले नव्हते. ठेकेदाराने करार मोडला असे म्हणता येत नाही; कराराने त्याला काहीच सांगितले नव्हते. त्यामुळे या घराचे भौतिक मूळ कारण फुगणारा भराव आहे आणि व्यवस्थेतले मूळ कारण कागदावर न लिहिलेला एक शब्द आहे. चौकशी यापुढेही नेता येईल, पण ज्या पायरीवर कुणाला तरी ठोस बदल करता येतो तिथे ती थांबवणे योग्य असते. ‘नागपूरची माती काळी आहे’ हे सत्य असले तरी ते कारण म्हणून निरुपयोगी आहे, कारण त्यावर कुणी काही करू शकत नाही.

उपाय या क्रमातूनच निघतात. तडा इपॉक्सी नावाच्या राळेने भरणे हा या घरात उपाय नाही. इपॉक्सी काँक्रीटपेक्षा पक्की धरते, पण ती हालचाल थांबलेल्या तड्यासाठी असते. माती फुगत असताना भरलेला तडा शेजारी नवा तडा पाडतो. प्रथम नळीचा जोड दुरुस्त करायचा, छपराचे पाणी दूर न्यायचे आणि घराभोवती उताराचा काँक्रीटचा पट्टा घालायचा. यामुळे साहाय्यक घटक जातात आणि हालचाल मंदावते. दार सारखे करणे किंवा टाइल बसवणे या टप्प्यावर निरर्थक आहे. त्यानंतर पातळी पुन्हा मोजत राहायची, कारण गळती थांबल्यावर तिथली माती आखडून फरशी काहीशी खालीही येऊ शकते.

मूळ कारण दूर करायचे तर हॉलची स्लॅब काढून ५०० मिलिमीटर काळी माती उपसावी लागते आणि तिच्या जागी मुरूम दीडशे ते दोनशे मिलिमीटरच्या थरांत, पाणी शिंपडून आणि धुमसून घालावा लागतो. इथे एक मर्यादा स्पष्टपणे लिहिली पाहिजे. भरावाखालची मूळ जमीनही काळी असू शकते आणि ऋतूंबरोबर हलणारा काळ्या मातीचा थर बराच खोल जातो. काळ्या मातीतल्या अंडर-रीम्ड पाइल्सची लांबी सुमारे साडेतीन मीटर ठेवण्याचा प्रघात याच कारणाने पडला. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी केलेल्या संशोधनातून फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर देण्याची रीत पुढे आली आणि काळ्या मातीतील कालव्यांच्या बांधकामात ती स्वीकारली गेली. घराच्या जोत्यात एवढी खोली मिळत नसेल, तर दुसरा मार्ग स्लॅब जमिनीवर न टेकवता जोत्याच्या बीमांवर तोलण्याचा आणि तिच्याखाली पोकळी सोडण्याचा आहे. तो अधिक खर्चाचा आहे, पण माती फुगली तरी फरशीला हात लावत नाही. न्हाणीघराची भिंतही त्याच वेळी बीमावर घ्यावी.

एक इशारा इथे आवश्यक आहे. हा सारा तर्क भरावावर टेकलेल्या स्लॅबसाठी आहे. वरच्या मजल्याच्या स्लॅबला खालच्या बाजूने तडा असेल, त्यावर गंजाचा डाग असेल किंवा स्लॅब झुकलेली दिसत असेल, तर नळीने पातळी मोजत महिने काढू नयेत. तिथे आधी टेकू लावून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे लागते.

अहवालाच्या शेवटी निष्कर्ष तीन स्वतंत्र परिच्छेदांत लिहावेत आणि प्रत्येकापुढे तो कशावर आधारलेला आहे हे नमूद करावे : मूळ कारण म्हणजे जोत्यात भरलेली काळी माती, आधार खोदकामातील थर, नळीतील चाचणी आणि फरशीचा घुमटाकार; साहाय्यक घटक म्हणजे सांडपाण्याची गळती, उन्हाळ्यातला भराव, सांध्यांचा अभाव, छपराचे पाणी आणि स्लॅबवरची भिंत, आधार ओलाव्याचे तीन आकडे आणि प्रत्यक्ष पाहणी; उपाय म्हणजे आधी पाणी थांबवणे, मग भराव बदलणे किंवा स्लॅब तोलणे. त्याच्याखाली दुरुस्ती यशस्वी झाली हे कसे ठरवायचे तेही लिहावे. कॉलमवरची खूण पुसू न देता पुढच्या मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, त्याच बिंदूंची पातळी मोजावी. दोन्ही मापांतला फरक ३ मिलिमीटरच्या आत राहिला तर नव्या टाइल्स बसवाव्यात, आणि त्याहून जास्त निघाला तर दुरुस्तीचे काम पूर्ण झालेले नाही असे समजून शेवटचे बिल रोखून ठेवावे.